उसनं उत्तर

गुरुवारी संध्याकाळी वर्तकनगरात साईबाबांच्या देवळाच्या आसपास रिक्षा पुढे सरकत नाही. अशाच एका गुरुवारी ऑफिसमधून घरी येताना अडकलो होतो, तेव्हा फोनवर हा मेसेज आला.

"दादा, मागच्या रविवारचा प्रोग्रॅम मी लिहिलेला नाही. ओळखीच्या एका सीनियरने पाठवला होता, मी फक्त व्हेरिएबलची नावं बदलली. तुम्ही सगळ्यांसमोर कौतुक केलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. आज क्लासमधल्या एकाने मला तो समजावून सांगायला सांगितलं आणि मला सांगता आलं नाही. मला माफ करा. हे नीट कसं करू?"

आम्ही तिघं मित्र दर रविवारी सकाळी एका सोसायटीच्या ऑफिसात प्रोग्रॅमिंग शिकवतो. फी नाही, सर्टिफिकेट नाही. डिप्लोमाची आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलं येतात. काही इथलीच, म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगमधली. काही कळव्याहून, डोंबिवलीहून ट्रेनने ठाण्याला येऊन पुढे शेअर रिक्षा करणारी. पहिले दोन रविवार आम्ही 'सर' होतो, नंतर 'दादा' झालो.

त्या रात्री मी तिला एवढंच लिहिलं, "वाचलं. ग्रुपवर काही टाकू नकोस. नीट उत्तर लिहितो." ते उत्तर लिहायला मला दोन रात्री लागल्या. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं काढून, ते इथे देतो आहे.

*

तू दोन गोष्टी मागितल्या आहेस, आणि त्या एकच आहेत असं तुला वाटतंय. एक, माफी. दोन, हे नीट कसं करायचं.

माफीचं आधी सांगतो. मेसेज वाचल्यावर माझ्या मनात आलेलं पहिलं वाक्य होतं, "अगं, सांगितलंस हेच खूप आहे, सोड आता." मी ते टाइपही केलं होतं. मग पुसलं. कारण ते लिहून मला फार बरं वाटलं असतं. मी मोठ्या मनाचा दादा ठरलो असतो, तू हलकी झाली असतीस, आणि आपण दोघं खूश झालो असतो. फक्त ज्याचं नुकसान झालं तो या संभाषणात कुठेच नसता.

तू मला फसवलंस, तेवढ्याची माफी मी देऊ शकतो, आणि ती दिली. उरलेलं माझ्या हातातच नाही. ज्याचं देणं आहे त्याच्या वतीने तिसऱ्याने ते माफ करायचं नसतं. म्हणून आता आपण माफीचं बाजूला ठेवू आणि हिशोब मांडू. काय घेतलं, कुणाचं घेतलं, आणि त्यातलं काय परत करता येतं.

झालं ते असं. अभ्यास असा होता: क्रमाने लावलेल्या आकड्यांच्या यादीत दिलेला आकडा पहिल्यांदा कुठे येतो ते शोधायचं. तो नसेल तर तो कुठे बसला असता ती जागा सांगायची. अकरा जणांच्या फाइल आल्या. नऊ जणांच्या प्रोग्रॅमला आकडा सापडत होता, पण तो यादीत तीनदा असला तर पहिला सापडेलच असं नव्हतं. दहावी फाइल त्या मुलाची, जो डोंबिवलीहून येतो. त्याने सापडलेल्या जागेवरून एकेक पाऊल मागे चालत जाऊन पहिली जागा गाठली होती. हळू, पण बरोबर. यादी रिकामी असली की मात्र त्याचा प्रोग्रॅम कोसळत होता. अकरावी फाइल तुझी. माझ्या सहाही चाचण्यांत पास. मी ती सगळ्यांसमोर दाखवली. आणि माझ्या एका मित्राने त्याच्या कंपनीतल्या दोन महिन्यांच्या इंटर्नशिपच्या मुलाखतीसाठी एकच नाव मागितलं होतं, तिथे सोमवारी तुझं नाव पाठवलं.

म्हणजे एक उत्तर उसनं आलं आणि त्यातून तीन वेगळ्या गोष्टी हलल्या. माझा समज चुकला. त्या मुलाची जागा गेली. आणि तुझ्याकडे जे असायला हवं होतं ते नाही, पण आहे असा बोर्ड लागला. तिन्ही एका 'सॉरी'ने भरून निघत नाहीत, कारण तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

त्याआधी, चूक नेमकी कशात होती ते बघू. हे चुकीच्या जागी शोधलंस तर दुरुस्तीही चुकीच्या जागी करशील.

उसनं घेणं ही चूक नाही. मी पगार घेतो त्या कामातला मोठा भाग दुसऱ्यांनी लिहिलेला असतो. लायब्ररी वापरतो, स्टॅक ओव्हरफ्लोवरची उत्तरं वाचतो, शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतो. पण या धंद्यात उसन्याचेही नियम आहेत. एमआयटी लायसन्स हे सगळ्यांत सैल लायसन्सांपैकी एक. ते म्हणतं, घ्या, बदला, विका. अट जवळजवळ एकच, मूळ लेखकाचं नाव आणि ही सूचना काढून टाकू नका. स्टॅक ओव्हरफ्लोवरचं उत्तर वापरायलाही श्रेय द्यावं लागतं. आणि आमच्याकडे `git blame` नावाची कमांड आहे. ती फाइलमधली प्रत्येक ओळ शेवटी कुणी बदलली ते नावानिशी दाखवते. नाव जरा भांडकुदळ आहे, पण उपयोग साधा आहे. रात्री दोन वाजता काही बंद पडलं, तर ही ओळ कुणाला विचारायची ते कळतं.

नाव असतं ते यासाठी. 'हे मी केलं' याच्याइतकाच त्याचा दुसरा अर्थ आहे, 'याबद्दल मला विचारा.' तुझ्या फाइलवर तुझं नाव होतं. त्या मुलाने ते नाव खरं मानलं आणि तुला विचारलं. त्याने तुझी परीक्षा घेतली नाही, विश्वास ठेवला. म्हणूनच तुला ते माझ्या कौतुकापेक्षा जास्त लागलं.

तू फाइलच्या वर एक ओळ लिहिली असतीस, 'हा प्रोग्रॅम एका सीनियरने दिला, मला अजून पूर्ण समजलेला नाही', तर तोच प्रोग्रॅम, त्याच ओळी, आणि चूक शून्य. पहिला नंबर मिळाला नसता, एवढंच. म्हणजे खोटं प्रोग्रॅममध्ये नव्हतं, ते वरच्या नावात होतं. तू ज्यात बदल केलास ती व्हेरिएबलची नावं मात्र बदलायची गरज नव्हती. हे सांगतोय ते टोचायला नाही. नावं बदललीस त्या क्षणी तुला काय चाललंय ते माहीत होतं, हे आपण दोघांनी मान्य केलं की पुढचं सोपं जातं.

आणखी एक. तू पकडली गेली नसतीस. कॉलेजांतून मॉससारखे प्रोग्रॅम वापरतात, अ‍ॅलेक्स एकन यांनी 1994 मध्ये केलेला. तो व्हेरिएबलच्या नावांकडे बघतच नाही. प्रोग्रॅमच्या ठेवणीचे छोटे छोटे तुकडे घेऊन, त्यांचे ठसे दुसऱ्या फाइलच्या ठशांशी जुळवतो. पण त्याला दोन्ही फाइल लागतात, आणि तुझा सीनियर आमच्या क्लासमध्ये नाही. शिवाय दोन फाइल सारख्या आहेत एवढंच यंत्र सांगतं. कुणी कुणाकडून घेतलं, समजून घेतलं की डोळे मिटून, हे ते सांगू शकत नाही. ते एकच माणूस सांगू शकत होतं, आणि त्याने सांगितलं. याची किंमत मला कळते. पण ती किंमत बक्षीस म्हणून तुला परत द्यायची नाही असं मी ठरवलंय. का, ते सांगतो.

शाळेत आपण सगळ्यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांची एक गोष्ट ऐकली आहे. गुरुजी घरी गणितं देतात. दुसऱ्या दिवशी एकट्या गोपाळची सगळी बरोबर येतात. गुरुजी त्याला शाबासकी देतात, पहिल्या जागी बसायला सांगतात, आणि तो रडू लागतो. एक गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवलेलं असतं. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, पण शेवट बहुतेक ठिकाणी एकच. गुरुजी गहिवरतात आणि म्हणतात, आता तर हे बक्षीस तुझंच.

तुझा मेसेज आल्यापासून हा शेवट मला खटकतोय. लहानपणी खटकला नव्हता. त्या वर्गात दुसरा कुणीतरी होता, ज्याची एक सोडून बाकी सगळी गणितं बरोबर होती आणि सगळी स्वतःची होती. गोष्टीत त्याला नाव नाही. गोपाळ खरं बोलतो, गुरुजी गहिवरतात, बक्षीस गोपाळकडेच राहतं, आणि तो दुसरा मुलगा आपल्या जागेवर बसून राहतो. गोष्ट ऐकून आपण शिकतो ते हे, की कबुली हे गणितापेक्षा भारी उत्तर आहे, त्याला जास्त मार्क असतात. मग कबुली देताना डोळ्याच्या कोपऱ्यातून आपण गुरुजींकडे बघत राहतो.

म्हणून इंटर्नशिपच्या मुलाखतीसाठीचं तुझं नाव मी परत घेतलं आहे. आज सकाळी मित्राला मेल केला. त्यात तुझ्याबद्दल काही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं, की एका फाइलवरून नाव ठरवणं ही माझी चूक होती, दिलेलं नाव मागे घेतोय, त्या व्यक्तीची त्याला हरकत नाही, आणि दुसरं नाव देतोय. ते दुसरं नाव त्या मुलाचं आहे. 'हरकत नाही' हे मी तुला न विचारता लिहिलं. हरकत असेल तर सांग, पण कारणही सांग.

परत करता येण्याजोगं सगळ्यांत आधी परत करायचं. तो क्रम मोडला की पश्चात्ताप छान दिसतो, आणि वस्तू मात्र आपल्याकडेच राहते.

त्या मुलाला कळायला हवं का? मी यावर बराच विचार केला. त्याला जागा मिळाली, आता कशाला दुखवायचं, हा एक मार्ग होता. पण त्याला फक्त जागा मिळाली तर ती त्याला मेहेरबानी वाटेल. दादाने कुणाचं तरी नाव काढून माझं टाकलं, असं. त्याचं देणं फक्त जागेचं नाही. ती जागा पहिल्यापासून त्याचीच होती, हे त्याला समजणं हेही देणं आहे. आणि ते मी सांगून चालणार नाही. मी सांगितलं तर ती तक्रार होईल, तू सांगितलंस तरच ती परतफेड.

फार बोलू नकोस. 'तो प्रोग्रॅम माझा नव्हता, म्हणून मला समजावता आला नाही. त्या दिवशीचा पहिला नंबर तुझा होता.' एवढं पुरे. त्यापुढे 'मला खूप वाईट वाटतंय' हे जोडू नकोस. ते जोडलंस की तो तुला धीर द्यायला लागेल, आणि मग काम त्याच्या अंगावर पडेल. तो रागावला तर रागावू दे. त्याने माफ केलं नाही तरी तुझी दुरुस्ती अपुरी राहत नाही.

आता सीनियर. तू त्याचं नाव लिहिलं नाहीस, मीही विचारणार नाही. इथे पुन्हा गोखलेच आठवतात, पण शाळेतले नाहीत.

1897 साली गोखले इंग्लंडला गेले होते, वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला. तेव्हा ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते. पुण्यात प्लेगची साथ होती, आणि घरं तपासायला गोरे सैनिक लावले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांमधून गोखल्यांना सैनिकांच्या अत्याचारांची बातमी कळली, अगदी स्त्रियांवरच्या अत्याचाराचीही. ती त्यांनी मँचेस्टर गार्डियन या वर्तमानपत्राला सांगितली. म्हणजे माहिती दुसऱ्यांची, नाव गोखल्यांचं. मोठा गदारोळ झाला, पुरावा द्या म्हणून मागणी झाली. परत आल्यावर त्यांनी शोध घेतला. शपथेवर सांगायला कुणी पुढे येईना. ज्यांनी पत्रं लिहिली त्यांची नावं सांगून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी नावं सांगितली नाहीत. ऑगस्टमध्ये जाहीर, बिनशर्त माफी मागितली.

तुझ्या आणि त्यांच्या गोष्टीत फरक आहे. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांचा विश्वास होता. प्लेगच्या काळात पुण्यात जुलूम झाला नाही असंही कुणी म्हणू शकणार नाही. त्या माफीवर तेव्हा पुष्कळांनी टीका केली, आजही त्यावर दोन मतं आहेत. पण मला त्यातलं एक हाड दिसतं. ज्या विधानाखाली माझं नाव आहे त्याला मी उभा राहू शकत नसेन, तर ते मी मागे घेईन, आणि ते करताना ज्यांनी मला दिलं त्यांना पुढे ढकलणार नाही. या वेळी गहिवरलेले गुरुजी नव्हते. बक्षीस तर नाहीच. उलट देशभर नाचक्की झाली, आपली माणसं दुरावली. शाळेतली गोष्ट आपल्याला पाठ आहे आणि ही फार कुणाला माहीत नाही, यातच काय ते आलं.

तेव्हा सीनियरला तू एकदा सांग, की त्याचा प्रोग्रॅम तू स्वतःच्या नावावर दिला होतास आणि आता ते मला माहीत आहे, त्याचं नाव सोडून. त्याने बहुधा चांगल्या मनाने मदत केली होती. त्याची मदत अशी वापरली गेली हे त्याला कळायला हवं. पण 'त्याने पाठवला म्हणून' हे शब्द कुठेही, मनातसुद्धा, कारण म्हणून येऊ देऊ नकोस.

आता तिसरं देणं, तुझं तुलाच असलेलं. हे सगळ्यांत कोरडं काम आहे आणि यातून सुटका नाही.

तो प्रोग्रॅम बंद कर. पुन्हा वाचू नकोस. वाचताना सगळं समजतं, तीच तर फसवणूक आहे. दुसऱ्याचं उत्तर वाचताना प्रत्येक पायरीला मान डोलते, कारण पुढची पायरी समोर असतेच. कोरा कागद घे आणि पेनने लिही. हात जिथे थांबेल तिथपर्यंत तुझं, तिथून पुढे उसनं. मी पैज लावतो, तुझा हात सहाव्या किंवा आठव्या ओळीवर थांबेल:

```python
def first_pos(a, x):
    lo, hi = 0, len(a)
    while lo < hi:
        mid = (lo + hi) // 2
        if a[mid] < x:
            lo = mid + 1
        else:
            hi = mid
    return lo
```

एकीकडे `mid + 1` आहे, दुसरीकडे नुसतं `mid`. असं लंगडं का? त्या मुलाने तुला बहुधा हेच विचारलं असणार. पाठ केलं असेल तर इथे उत्तर नसतं. समजलं असेल तर उत्तर यादीतच आहे. ही घे: 2, 4, 4, 4, 7, 9. जागा शून्यापासून मोज. शोधायचा आकडा 4, म्हणजे उत्तर 1 यायला हवं.

सुरुवातीला `lo` 0, `hi` 6. मधली जागा 3, तिथे 4 आहे. तो 4 पेक्षा लहान नाही, म्हणजे पहिला 4 याच जागी असेल किंवा याच्या डावीकडे. 'याच जागी असेल' हे शब्द महत्त्वाचे. ती जागा अजून उमेदवार आहे, म्हणून ती टाकायची नाही, `hi` 3 होतो. पुन्हा मधली जागा 1, तिथेही 4, `hi` 1. पुन्हा मधली जागा 0, तिथे 2. तो लहान आहे, म्हणजे ही जागा उत्तर असूच शकत नाही, बिनधास्त टाक, `lo` 1. दोघं 1 वर भेटले. उत्तर 1.

आता 'दोन्हीकडे सारखं असावं' म्हणून `hi = mid - 1` करून बघ. मधली जागा 3, `hi` 2. मधली जागा 1, `hi` 0. लूप संपला, उत्तर 0. तिथे 2 बसलाय. हातात आलेला उमेदवार आपणच फेकून दिला. आणि उलट बाजूला `lo = mid` केलंस तर एकच आकडा उरल्यावर `lo` जागचा हलणारच नाही, प्रोग्रॅम कायमचा फिरत राहील.

हे मी सांगितलं, म्हणून तेही आता उसनंच आहे. तुझं कधी होईल? तू वेगळं गणित सोडवशील तेव्हा. पहिली जागा नको, शेवटची जागा शोध. तीच यादी, तोच 4, उत्तर 3 यायला हवं. कुणालाही न विचारता. मग रिकामी यादी दे, एकाच आकड्याची दे, सगळे 4 असलेली दे. चुकेल. चुकलं की कुठे चुकलं ते कागदावर लिही. चुका दुसऱ्याकडून उसन्या मिळत नाहीत, त्यामुळे तो चुकांचा कागद हाच माझ्यासाठी पुरावा. रविवारी बरोबर प्रोग्रॅम आणला नाहीस तरी चालेल, तो कागद आण.

काय करायचं नाही तेही सांगतो, कारण तुझा स्वभाव थोडा माहीत झालाय. ग्रुपवर लांबलचक कबुली टाकायची नाही. वर्गाला मी सांगेन, की मागच्या वेळचा नंबर मी बदलला आहे, आणि तो लावताना मी घाई केली होती. तेवढं त्यांचं देणं आहे, तुझी लाज हे त्यांचं देणं नाही. क्लास सोडायचा नाही. सोडणं हे शिक्षा भोगल्यासारखं दिसतं, पण त्यात कुणालाच काही परत मिळत नाही. आणि पुढच्या तीन अभ्यासांत जिवाचं रान करून पहिली यायचं नाही. ते केलंस तर ते माझ्यासाठी करशील.

शेवटी माझ्या खात्यावरचं. अकरा जण क्लासला येतात, मी अकरा फाइलना सहा चाचण्या लावल्या आणि पाचजणांनाही 'ही ओळ अशी का' असं विचारलं नाही. उत्तर कुठून आलं ते मी बघितलंच नाही, उत्तर बघितलं आणि बक्षीस दिलं. असा हिशोब ठेवणाऱ्या दुकानात उधारी वाढतेच. पुढच्या रविवारपासून प्रत्येकाला पाच मिनिटं, फाइल बंद, फक्त बोलणं. वेळ जाईल. जाऊ दे.

आणि तू विचारलं नाहीस, पण सांगायला हवं. इंजिनिअरिंगला असताना सबमिशनच्या आठवड्यात आमच्या होस्टेलवर एक 'मास्टर कॉपी' फिरायची. एका सेमिस्टरचं जर्नल मी रात्रभरात तिच्यावरून उतरवलं. टर्मवर्कला 25 पैकी 23 मिळाले. ज्याची मास्टर कॉपी होती त्याला 21, कारण त्याचं अक्षर वाईट होतं. मी कुणाला सांगितलं नाही. तेव्हा ते सगळेच करायचे, आणि सगळेच करायचे म्हणून त्याला कुणी नावही ठेवायचं नाही. त्या मित्राला मी गेल्या वर्षी सांगितलं. तो हसला, त्याला आठवतही नव्हतं. त्याचे दोन मार्क परत करायची खिडकी सहा वर्षांपूर्वीच बंद झाली होती. तू तीन दिवसांत लिहिलंस, म्हणून मेल मागे घेता आला, मुलाखत पुढच्या बुधवारी आहे आणि योग्य माणूस तिथे जाऊ शकतो. लवकर सांगण्याचा फायदा एवढाच, पण तो खरा आहे. उशीर झाला की कबुली उरते, परत करायला वस्तू उरत नाही.

रविवारी ये.

*

ती आली. क्लासनंतर खाली रिक्षा स्टँडपाशी ती त्या मुलाशी बोलली. मी वरून खिडकीतून बघितलं आणि मग बघायचं थांबलो. त्याने ऐकलं, मान हलवली आणि शेअर रिक्षात बसून निघून गेला. पुढचे दोन रविवार तो तिच्याशी बोलला नाही. मुलाखतीला तो गेला, पण त्याची निवड झाली नाही, दुसऱ्या कुणाची झाली. म्हणजे जागा परत करूनही त्याला काही मिळालं नाही असं म्हणता येईल. मी तसं म्हणणार नाही. न मिळण्याची ती संधी त्याची होती, आणि ती त्याला मिळाली.

तिचा चुकांचा कागद माझ्याकडे आहे. शेवटची जागा शोधायला तिला चार प्रयत्न लागले. तिसऱ्यात ती `lo = mid` च्या फेऱ्यात अडकली होती, आणि समासात तिने लिहिलंय, 'इथे अर्धा तास गेला.' तिसऱ्या रविवारी पाच मिनिटांच्या गप्पांत मी त्या मुलाला विचारलं, तुझ्या प्रोग्रॅममध्ये रिकाम्या यादीचं काय केलंस? तो म्हणाला, मागे चालत जायची पद्धतच सोडून दिली. नवी फाइल उघडून दाखवली. वर एक ओळ होती, त्यात लिहिलं होतं की ही पद्धत कुणाकडून समजून घेतली. नाव तिचं होतं.